साहेब ‘दू’ म्हणाले, म्हणजे जवळीक झाली का?

जळगाव-धुळ्याकडून जर्मनीला नोकरीसाठी येणारी मुलं भाषेच्या वर्गात ‘झी’ आणि ‘दू’ शिकून येतात. झी म्हणजे आपलं तुम्ही, दू म्हणजे तू. अडचण येते ती झीवरून दूवर जाताना, कारण आपला हिशेब इथे लागू पडत नाही.

आपल्याकडे एक जण तू आणि दुसरा तुम्ही, असं सर्रास चालतं. गल्लीतले आबा पोराला ‘कव्हय उना रे?’ विचारतात आणि पोरगं ‘आत्ताच आलो आबा, तुम्ही बसा’ म्हणतं. यात कोणालाच काही खटकत नाही. जर्मनीत दोन प्रौढांमध्ये सहसा दोघंही झी म्हणतात, नाहीतर दोघंही दू. त्यामुळे साठीतल्या साहेबांनी ‘आपण दू म्हणू या’ असं सुचवलं आणि आपण मान म्हणून झीच धरून बसलो, तर त्यांना तो मान वाटत नाही. हात पुढे केला आणि समोरच्याने घेतला नाही, असं वाटतं.

सुचवायचं कोणी, हे ठरलेलं आहे. वयाने किंवा हुद्द्याने मोठा असेल तो. आपण थांबायचं. ईमेलमध्ये खूण ओळखता येते, पण घाई करू नये. आधी ‘झेअर गेएर्टे फ्राउ’, म्हणजे आदरणीय श्रीमती, आणि आडनाव, मग काही दिवसांनी ‘लीबे फ्राउ’, म्हणजे प्रिय श्रीमती, आणि आडनाव: एवढ्याने सूर मऊ झाला, पण झी कायम आहे. खाली सहीत नुसतं पहिलं नाव आलं, तरी मजकुरात तुम्हाला झीच लिहिलं असेल तर उत्तरही झीतच द्या. मजकुरातच दू आलं किंवा तसं स्पष्ट सुचवलं, की मगच बदला. आणि बदलताना सगळं बदला. ‘शकता का’ विचारताना ‘क्योनेन झी’चं ‘कान्स्ट दू’ करणं लक्षात राहतं; चुकतं ते पुढच्या ओळीत, ‘तुमचा’ साठीचं ‘इअर’ तसंच राहतं आणि ‘दाइन’ करायचं विसरतं. पाठवण्याआधी तेवढा एक शब्द शोधून बघावा.

आता जवळिकीचं. विद्यार्थी एकमेकांना पहिल्या दिवसापासून दू म्हणतात, बऱ्याच कंपन्यांत वरपासून खालपर्यंत दूच चालतं. ती तिथली रीत आहे, त्यावरून रविवारी घरी जेवायला बोलावतील असं धरू नये. इतरांशी झी बोलणारा शेजारी तुम्हालाच दू म्हणू लागला, तर मात्र ते खरं आपलेपण. आमच्या मते इथे विचारायचा प्रश्न एकच: हे दू सगळ्यांना आहे की मला? आपल्याकडेही सासरे जावयाला आयुष्यभर ‘तुम्ही’च म्हणतात, आणि तरी जीव लावतात.

एकदा दू झालं की मागे फिरणं अवघड. भांडणानंतर कोणी मुद्दाम झीवर परतलं, तर ते अबोल्याइतकंच बोचतं.