सॅच्युरेशन ९४ वरून ८९ वर आणलं त्या दिवशीची गोष्ट

पावसाळ्यातली गोष्ट आहे, पण डोक्यातून जात नाही म्हणून लिहितोय. स्वाइन फ्लूचा न्यूमोनिया, पंचेचाळिशीतल्या बाई, दुसऱ्या हॉस्पिटलमधून रात्री व्हेंटिलेटरवरच आमच्या आयसीयूत आल्या. एक्सरेत दोन्ही फुफ्फुसं पांढरी. टायडल व्हॉल्यूम म्हणजे एका श्वासाला मशीन ढकलते ती हवा, ती ४५० मिली लावलेली. ऑक्सिजन ९० टक्के, श्वास सोडल्यावरही फुफ्फुसात राखलेला दाब म्हणजे पीप ८, सॅच्युरेशन ९४. कागदावर वजन ८२ किलो, उंचीच्या जागी नुसती रेघ.

ही रेघ मी प्रत्येक रेफरल कागदावर बघतो आणि प्रत्येक वेळी चिडतो. फुफ्फुसाचा आकार उंचीवर ठरतो, माणूस जाड झाला म्हणून फुफ्फुस वाढत नाही. आमच्या सिस्टरांनी टेप लावून टाचेपासून डोक्यापर्यंत मोजलं तर १४८ सेंटीमीटर. बायकांसाठीचा हिशेब ४५.५ + ०.९१ × (उंची − १५२.४), म्हणजे यांचं हिशेबाचं वजन साडेएक्केचाळीस किलो. किलोला ६ मिली धरले तर साधारण २५० मिली, आणि लावलेत ४५०, म्हणजे किलोला जवळजवळ अकरा! त्यातही एआरडीएसमध्ये, म्हणजे दोन्ही फुफ्फुसं अशी सुजून निकामी होतात तेव्हा, बराचसा भाग पाण्याने भरलेला किंवा मिटलेला असतो, उघडा राहिलेला थोडासा भागच ही सगळी हवा झेलतो आणि ताणून फाटत जातो.

श्वास आत गेल्यावर मशीन अर्धा सेकंद थांबवून प्लॅटो प्रेशर, म्हणजे फुफ्फुसातला त्या वेळचा दाब, बघितलं तर ३६, तीसच्या आत हवं. त्यातून पीप वजा केला की ड्रायव्हिंग प्रेशर, म्हणजे दर श्वासाला फुफ्फुसावर पडणारा ताण, २८. पंधराच्या वर गेलं की मला चैन पडत नाही, इथे तर जवळपास दुप्पट.

व्हॉल्यूम २५० वर आणला, मिनिटाला श्वासांचा रेट १८ वरून ३०. इतक्या रेटला हवा आत अडकते का हे बघायला श्वास सोडतानाचा ग्राफ शून्याला टेकतोय ना ते बघत उभा राहिलो, टेकत होता. प्लॅटो २४ झालं. पण सॅच्युरेशन घसरून ८९ वर आलं आणि पुढच्या एबीजीत, म्हणजे रक्तातल्या वायूंच्या तपासणीत, कार्बन डायऑक्साइड ४८ वरून ६२, पीएच ७.२४.

बाहेर मुलगा उभा होता. "डॉक्टर, तिकडे ९४ होतं, तुमच्याकडे आल्यावर कमी कसं झालं?" प्रश्न चुकीचा नव्हता. मोठ्या श्वासाने त्या दिवशी आकडा चांगला दिसतो. २००० साली अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात, १२ मिली विरुद्ध ६ मिली, हेच दिसलं होतं, पहिल्या काही दिवसांत ऑक्सिजन १२ वाल्यांचा बरा आणि मृत्यू मात्र ६ वाल्यांत कमी, ३१ टक्के विरुद्ध जवळपास ४०. मी त्याला म्हटलं, दादा, ८८ च्या वर आम्हाला चालतं, ९४ साठी फुफ्फुस फाडायचं नाहीये. तो काहीच बोलला नाही, नुसता काचेतून मॉनिटरकडे बघत राहिला.

मग पीप. १० वर थोडा फरक पडला, १२ वर ड्रायव्हिंग प्रेशर १६ चं १४ झालं, म्हणजे मिटलेला भाग उघडतोय. १४ वर परत १६ आणि बीपी ७८ वर, म्हणजे आता उघडत नाहीये, नुसतं ताणतंय. परत १२ वर आणलं. चार्ट बघून पीप लावणारे खूप आहेत, पण प्रत्येक पायरीला पलंगाजवळ उभं राहून बीपी आणि प्रेशर बघितल्याशिवाय कळत नाही, हे माझं ठाम मत आहे.

पीपनंतर सॅच्युरेशन ९१ झालं, पण ऑक्सिजन अजून ९० टक्केच लागत होता आणि रक्तातल्या ऑक्सिजनचा दाब म्हणजे पीएओटू ६४, त्याला ०.९ ने भागलं की पी-एफ रेशो ७१. दीडशेच्या खाली असेल तर पालथं घालायला थांबायचं नसतं. फीड बंद करून पोट रिकामं केलं, सक्शन, डोळ्यांवर टेप, स्नायू ढिले ठेवणारं ॲट्राक्युरियम चालूच होतं. डोक्याशी मी, ट्यूब घट्ट धरून, दोन्ही बाजूंना दोन सिस्टर, वॉर्डचे मामा आणि मावशी. छातीखाली आणि कमरेखाली उशा, पोट मोकळं. मावशींनी चादर कडेपर्यंत गुंडाळून धरली, "सर, तुम्ही म्हणा, आम्ही ओढतो," आणि तीनवर बाई पालथ्या. इसीजीचे लीड पाठीवर लावले. पाठीकडचा मिटलेला भाग असा मोकळा होतो आणि हृदयाचं वजनही फुफ्फुसावरून उतरतं. तासाभरात पीएओटू ११० झाला.

सोळा तास पालथं, मग सरळ, असं तीनदा. दर दोन तासांनी मान वळवायची, गालाखाली बघायचं. एका गालावर फोड आलाच, सिस्टरांना त्याचं फार वाईट वाटलं. नवव्या दिवशी ट्यूब निघाली.

माझ्या डोक्यात जे अडकलंय ते वेगळंच आहे. त्या रात्री आल्या तेव्हा ९४ बघून मी आधी शेजारच्या बेडकडे गेलो, आणि टेप दोन तासांनी लागली. मिनिटाला १८, म्हणजे दोन तासांत ४५० चे दोन हजारावर श्वास. आता आमच्याकडे टेप व्हेंटिलेटरच्या हँडललाच बांधलेली असते.