खण (पु.)

महोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत लिहा, असा शाळेचा निरोप आला. छड्या, डबे आणि पावसात गळणारा वर्ग यांवर बाकीचे लिहितीलच. आमच्या मराठीच्या बाई हस्तलिखितासाठी एक प्रकार करून घ्यायच्या, तो मी इथे मांडतो. शब्दकोशातली एक नोंद घ्यायची, तिच्यापासून कविता सुरू करायची आणि त्या कोरड्या नोंदीतूनच घरातली गोष्ट बाहेर काढायची. ऐकायला सोपं वाटतं, पण दहातल्या आठ कविता पाचव्या-सहाव्या ओळीलाच पडतात. त्या का पडतात, तेच सांगण्यासारखं आहे.

पहिली चूक शब्द निवडतानाच होते. मुलं ‘आई’, ‘प्रेम’, ‘स्वातंत्र्य’ असले शब्द घेतात. त्यांचा अर्थ आधीच फुगलेला असतो, कविता त्याला आणखी कुठे नेणार? हाताला लागणारी वस्तू हवी. तिचे कोशात निदान दोन-तीन वेगळे अर्थ हवेत आणि शब्द घरात रोज बोलला जाणारा हवा. उलट, अतिहुशार शब्दही टाळावा. आपल्याकडे गोव्यात खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतजमिनीच्या, बांधात पाण्याचं दार असतं, ओहोटीला उघडणारं आणि भरतीला मिटणारं. त्याला ‘मानस’ म्हणतात, आणि मानस म्हणजे मनही. हा शब्द दिसला की कवी हुरळतो. श्लेष इतका आयता असतो की गोष्ट सापडण्याआधीच कविता संपते.

आपण ‘खण’ घेऊ. कोश मोठा असला तर उत्तम. दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ 1932 ते 1938 या काळात सात भागांत निघाला. त्यात प्रांतिक शब्दांपुढे (गो.), (कों.), (व.) अशा खुणा आहेत. गोव्याची खूण असलेले शब्द चाळत बसलं तर आपल्या घरातली बोली तिथे छापलेली सापडते. नोंद मात्र जशीच्या तशी उतरवू नये. लिंग, अर्थांचे आकडे, वापर हा साचा घ्यावा आणि मजकूर आपल्या शब्दांत तीन-चार ओळींत बसवावा. या ओळींत ‘मी’ नको, भावनेचं एकही विशेषण नको. क्रियापदं ‘ठेवतात’, ‘घालतात’ अशी, सगळ्या जगाला लागू पडणारी. कोशकाराला कुणाबद्दल काही वाटत नसतं, आणि पुढच्या गोष्टीला जोर येतो तो त्यामुळेच.

नमुना म्हणून एक कविता पूर्ण देतो. ती या लेखासाठीच रचली आहे. तिच्यातली आजी माझी असली पाहिजे असं काही नाही.

खण. पु.
१. घराच्या दोन तुळयांमधली जागा.
२. कपाटाचा कप्पा.
३. चोळीपुरतं कापड. नारळ-तांदळासोबत सवाष्णीच्या ओटीत घालतात.

आजीच्या कपाटात
तिसरा अर्थ दुसऱ्यात ठेवलेला होता,
डांबरगोळ्यांच्या वासात.
हिरवा, लाल काठांचा,
घडी कधी मोडलीच नाही म्हणून
घडीच्या रेघेवर पिवळा पडलेला.
कवळ्याच्या जत्रेतला,
आजोबा होते त्या वर्षीचा.
शिवून घे म्हटलं की म्हणायची,
थंयच दवर.
चैत्रातल्या हळदीकुंकवाला बायका
पहिल्या खणात बसायच्या,
आजी पाचव्यात,
चुलीपाशी.

आता सांधा बघा. ‘घालतात’ नंतर लगेच ‘होता’ येतं. सगळ्यांचा वर्तमानकाळ एका घराच्या भूतकाळात उतरतो, आणि तोही भावनेच्या नाही, जागेच्या वाक्यातून: कपाट, कप्पा, वास. सांध्याच्या ओळीत कोशाची भाषा अजून चालू आहे. ‘तिसरा अर्थ दुसऱ्यात ठेवलेला’ हे कोशकाराने म्हणावं तसंच वाक्य आहे, फक्त तो अर्थ आता कपडा झालेला आहे. बहुतेक कविता पडतात त्या इथेच. ‘पण माझ्यासाठी खण म्हणजे आजीची माया’ अशी ओळ आली की समजावं, कवीला पूल बांधता आला नाही म्हणून त्याने उडी मारली. ‘माझ्यासाठी’ आणि ‘म्हणजे’ हे दोन शब्द मसुद्यात दिसले की लाल रेघ ओढावी.

दुसरी जागा नोंदीतच आहे. तिसऱ्या अर्थात ‘सवाष्णीच्या’ हा शब्द ठेवला नसता, नुसतं ‘ओटीत घालतात’ म्हटलं असतं, तर शेवटच्या चार ओळी कुणाला कळल्या नसत्या. कवितेत ‘विधवा’ हा शब्द नाही, कुणी गेल्याचं वाक्यही नाही. ते सगळं कोशाच्या कोरड्या ओळीने आधीच सांगून ठेवलं आहे. तेव्हा नोंद लिहिताना एक असा तपशील पेरायचा, जो वाचताना नियम वाटेल आणि पुढे गोष्टीवर आदळेल. तो गोष्ट लिहून झाल्यावरच सापडतो. म्हणून नोंद सुरुवातीला लिहिली तरी पक्की शेवटी करायची.

पहिल्या अर्थाचंही तसंच. घर खणांत मोजायची रीत आता सिमेंटच्या घरांत उरलेली नाही, आणि वाचताना तो अर्थ उगाच पडून राहिल्यासारखा वाटतो. तो शेवटी वापरला. आजी कुठे बसते हे सांगायला दुसरा शब्दच लागला नाही. मात्र कोशातला प्रत्येक अर्थ कामाला लावायचा हट्ट नको. इथे तीन घेतले आणि तिन्ही लागले. चौथा घुसडायचा मोह होतो, विशेषतः गोव्यात, कारण शेजारी ‘खाण’ उभी असते आणि ‘खणणे’ हे क्रियापदही. ‘आठवणी खणून काढल्या’ लिहिलं की कविता गेली. ते क्रियापद कोशात वेगळ्या नोंदीत असतं, कवितेतही त्याने बाहेरच राहावं.

‘थंयच दवर’, म्हणजे ‘तिथेच ठेव’, ही एकच ओळ कोकणीत का, असा प्रश्न येईल. आजी तेवढंच बोलते आणि ती घरात जे बोलेल तेच बोलते. कोश मराठीतला, बोलणं घरातलं, हा फरक आपल्याकडे फुकट मिळतो. पण तो एकदाच वापरावा. तिचं बोलणं तीन-चार ओळींचं केलं की नाटुकलं होतं.

कविता उभी आहे का हे तपासायला नोंदीवर हात ठेवून फक्त खालचा भाग वाचावा. तो हात ठेवूनही पूर्ण कळत असेल, तर नोंद हे नुसतं तोरण आहे, काढून टाकावं आणि साधी कविता लिहावी. काहीच कळत नसेल, तर तपशील खाली कमी पडलेत. दुसरा अर्थ कुठला, पाचव्यात म्हणजे काय, आजी तिथे का, एवढंच अडलं पाहिजे.

हस्तलिखितात उतरवताना नोंद गद्यासारखी पूर्ण ओळीत लिहावी, अर्थांचे आकडे समासाला लावून. खालचा भाग थोडा आत घ्यावा. मध्ये एक ओळ मोकळी सोडावी, नक्षी काढू नये. शीर्षक फक्त तो शब्द. स्नेहसंमेलनात वाचणाऱ्याने ‘पु.’चा उच्चार ‘पुल्लिंग’ असा करावा आणि एक, दोन, तीन हे आकडे स्पष्ट म्हणावेत, नाहीतर ऐकणाऱ्याला ‘तिसरा’ कशाचा ते लागत नाही.