बाजूनं ढकला, सर

बारावीला संतुलन शिकवताना गेली पंधरा वर्षं मी फळ्यावर एकच वाक्य लिहीत आलो: गुरुत्वमध्य जितका खाली आणि पाया जितका मोठा, तितका तोल पक्का. रावेरकडची आमची पोरं ते पाठ करतात आणि मार्क घेऊन मोकळी होतात.

त्या दिवशी कराटे शिकणाऱ्या एका मुलाला पुढं बोलावलं. तो झेनकुत्सु-दाचीत उभा राहिला, पुढचा गुडघा वाकवून आणि मागचा पाय ताठ ठेवून. समोरून छातीवर जोर लावला, तर गडी हलेना. मी खूश. तेवढ्यात मागच्या बाकावरून तालमीत जाणारी एक मुलगी म्हणाली, "सर, बाजूनं ढकला ना."

दोन बोटांनी खांदा लोटला आणि पोरगा बाकावर. वर्ग ओरडला, "पडी गया!"

मग त्याला परत तसंच उभं करून दोन्ही पावलांभोवती खडूनं रेघ ओढली. पाया लांबीला ऐंशी सेंटिमीटर भरला, पण पावलं एका रेषेत असल्यानं रुंदीला जेमतेम दहा. म्हणजे गुरुत्वमध्यातून खाली सोडलेला लंब बाजूच्या कडेपासून पाचच सेंटिमीटरवर. गुरुत्वमध्य जमिनीपासून पंच्याऐंशी सेंटिमीटर धरला, तर तीन-साडेतीन अंश कलताच लंब पायाबाहेर जातो. खरं तर या पवित्र्यात पावलांमध्ये कमरेइतकं आडवं अंतर ठेवायचं असतं. त्याला ते कोणी सांगितलं नसेल असं नाही. आरशात बाजूनं बघून पवित्रा लांब दिसला की पोरं समाधानी होतात.

मग हातांवर उभी राहणारी एक जिम्नॅस्ट मुलगी म्हणाली, "माझा पाया तर फक्त तळहात." तळहाताच्या टाचेपासून बोटांच्या टोकापर्यंत सतरा सेंटिमीटर. तोल पाठीकडे जायला लागला की ती बोटं जमिनीत रुतवते. पोटाकडे गेला तर मनगटामागं टेकायला काहीच नसतं, कोपर वाकवावं लागतं. म्हणून ती वजन मुद्दाम बोटांच्या मुळाशी ठेवते, टाचेवर नाही.

"केळीच्या टेकूसारखं," मागून कोणीतरी म्हणालं. घड लागला की झाड ज्या बाजूला झुकतं, बांबू त्याच बाजूला लावतात. चारी बाजूंनी कोण लावतो? पंधरा वर्षांत हे उदाहरण मला सुचलं नव्हतं, आणि मी रोज केळीच्या बागांमधून गाडी चालवत येतो.

तालमीतल्या मुलीचं समाधान अजून झालं नव्हतं. "इतकं रुंद आणि खाली बसलं, तर हलणार कधी? समोरचा गडी आपला पायच धरून उचलेल की." बरोबर होतं. हलण्यासाठी स्वतःचा पाय उचलायचा तर आधी वजन दुसऱ्या पायावर न्यावं लागतं, आणि पाया जितका पसरलेला तितका वेळ जास्त.

चाचणीत तिनं माझंच वाक्य लिहून पुढं विचारलं होतं, "कुठल्या दिशेनं मोठा?" मी पूर्ण मार्क दिले. बोर्डाच्या पेपरात ती असंच लिहून आली तर तपासणारा काय करेल, हे काही मला सांगता येत नाही.