तेरा, तेरा, चौदा

चोपडा तालुक्यातल्या एका महाविद्यालयात मी मराठी शिकवते. गेल्या वर्षी दुसऱ्या वर्षाच्या मुलांना ‘माझ्या गावचं पीक’ हा निबंध घरून लिहून आणायला सांगितला होता. गठ्ठा तपासताना एका निबंधावर हात थांबला. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती, तरी वाचताना डुलकी यायला लागली. सुरुवात अशी होती:

‘केळी हे खानदेशातील शेतकऱ्यांच्या आर्थिक जीवनाचा कणा असलेले अत्यंत महत्त्वाचे नगदी पीक आहे. तथापि, बदलत्या हवामानामुळे या पिकासमोर अनेक आव्हाने निर्माण झाली आहेत, असे म्हणता येईल. याव्यतिरिक्त, बाजारभावातील चढउतार शेतकऱ्यांच्या उत्पन्नावर काही प्रमाणात परिणाम करू शकतात, हेही लक्षात घ्यायला हवे.’

मी पेन्सिल घेऊन शब्द मोजले. तेरा, तेरा, चौदा. पुढची दोन पानंही याच चालीची होती. माणूस सहसा असं लिहीत नाही. त्याला एखादी गोष्ट तीन शब्दांत सांगून टाकावीशी वाटते आणि दुसरी सांगताना वाक्य कुठे संपवावं हेच कळत नाही. चॅटजीपीटीसारखं यंत्र मात्र आधीच्या शब्दांवरून पुढे कोणता शब्द येण्याची शक्यता किती, याच्या अंदाजावर चालतं, आणि माणसांनी पसंत केलेल्या नीटनेटक्या, जपून दिलेल्या उत्तरांवरून त्याला वळण लावलेलं असतं. म्हणून सांगितलं नाही तर ते बहुतेक वेळा मधल्या, बिनधोक वाटेने जातं. ‘वाक्यं लहानमोठी कर’ म्हटलं तर तेही करतं, त्यामुळे मोजणीवर सगळी भिस्त ठेवता येत नाही.

मला जास्त खटकलं ते तिसरं वाक्य. भाव पडला तर शेतकऱ्याचं उत्पन्न घटतं, यात शंका कसली? तरी तिथे ‘काही प्रमाणात’ आहे, ‘करू शकतात’ आहे. जिथे शंका नाही तिथे आडपडदा. आणि ‘याव्यतिरिक्त’ बोटाने झाकून वाचलं तर वाक्याच्या अर्थामध्ये काडीचा फरक पडत नाही.

मुलाला बोलावलं. केळी पावसाळ्याच्या सुरुवातीला लावली तर मृगबाग, पावसाळा सरताना लावली तर कांदेबाग. “तुमची बाग कोणती रे, मृगबाग की कांदेबाग?”

“आमना कांदेबाग शे, मॅडम,” तो पटकन म्हणाला. मग सुरूच झाला. पिलबाग, म्हणजे पहिली कापणी झाल्यावर बुंध्याशी फुटलेल्या पिलांवर धरलेली बाग, का ठेवली, थंडीत पानांना चरका कसा बसला, व्यापाऱ्याने कापणी कशी लांबवली. यातला एकही शब्द निबंधात नव्हता. “मग हे का नाही लिहिलंस?” त्याने मान खाली घातली. मोबाइलवरून उतरवल्याचं कबूल केलं. मी चार दिवस दिले. नव्या निबंधात हे होतं: ‘वडील रात्री दोनला उठले. वारा सुटला होता. सकाळी बघतो तर घड लागलेली झाडं एकाच दिशेला झोपलेली, आणि ज्यांना टेकू दिला होता तेवढीच उभी, बाकी सगळी पिलबाग आडवी.’ चार शब्द, तीन शब्द, मग वीस.

त्याच गठ्ठ्यात कापसावरचा एका मुलीचा निबंध होता. त्यातही वाक्यं चौदा-पंधरा शब्दांची, तीनदा ‘तथापि’. पहिल्या निबंधाच्या रागात मी त्यावर लाल पेनाने प्रश्नचिन्ह काढलं. एका सहकाऱ्याने सुचवलं, यंत्र ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये घाला आणि शून्य द्या. ते मी केलं नाही. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतःचं असं साधन अचूकता कमी म्हणून जुलै 2023 मध्ये बंद केलं होतं. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी दाखवलं, की इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी स्वतः लिहिलेले इंग्रजी निबंध अशी साधनं मोठ्या प्रमाणावर यंत्राचे ठरवतात. मोजकी शब्दसंपदा आणि ठरावीक चाल एवढ्यावरच तिथे माणूस दोषी ठरतो. मराठीत तर आमची मुलं गाईडमधल्या साच्यावरच वाढलेली.

निबंध पुन्हा वाचला. एका ठिकाणी तिने लिहिलं होतं: ‘फरदड ठेवल्यामुळे बोंडअळी वाढली असावी, तथापि शेजारच्या काकांनी फरदड ठेवली नव्हती, तरी त्यांच्या बोंडांतही अळी निघाली.’ फरदड म्हणजे वेचणीचा हंगाम संपल्यावरही शेतात राखलेला कापूस. इथलं ‘असावी’ खऱ्या शंकेपोटी आलेलं आहे. ‘तथापि’ झाकलं तर वाक्य लंगडतं, कारण त्याच्यापुढे खरोखर उलट गोष्ट येते.

दुसऱ्या दिवशी तिला कच्ची वही मागितली. ती जराही न बिचकता घेऊन आली. भरतीच्या क्लासमध्ये सरांनी सांगितलेलं, वाक्य फार लांब नको, फार तोकडं नको, वाक्यं जोडणारे शब्द वापरा. ते तिने मनावर घेतलं होतं. वहीत त्या वाक्याच्या जागी चार वेळा खाडाखोड होती. आधी ‘पण’, मग ‘परंतु’, मग परत ‘पण’, शेवटी ‘तथापि’. आणि समासात बारीक अक्षरात लिहिलेलं: ‘काकांना विचारणे, फरदड होती का?’

मी तिच्यासमोरच ते लाल प्रश्नचिन्ह खोडलं आणि तिची माफी मागितली.