पीएफ अडकला सतरा दिवसांपायी

नोकरी बदलताना पीएफचा यूएएन हा नंबर एकच राहतो, त्यामुळे पीएफ आपोआप मागे मागे येईल, अशी माझी समजूत होती. २०२३ च्या मार्चमध्ये जुनी कंपनी सोडली आणि ही समजूत महिन्याभरात उतरली.

माझा शेवटचा दिवस १४ मार्च. नवीन ठिकाणी रुजू झालो १५ तारखेला. फॉर्म ११ मध्ये जुना बारा आकडी यूएएन लिहून दिला, त्यामुळे नव्या कंपनीने दुसरा यूएएन काढला नाही. इथवर सगळं बरोबर होतं. पण यूएएन म्हणजे नुसती छत्री. तिच्याखाली प्रत्येक कंपनीचा वेगळा मेंबर आयडी असतो आणि पैसे त्या आयडीत असतात. पासबुकात आता दोन खाती दिसू लागली, जुन्यात सगळी शिल्लक आणि नव्यात एका महिन्याची वर्गणी.

मे महिन्यात पीएफच्या पोर्टलवरच्या Online Services मध्ये जाऊन One Member – One EPF Account ही, जुनी शिल्लक नव्या खात्यात आणायची विनंती भरली. ओटीपी आला, अर्ज गेला, मी निर्धास्त. तीन आठवड्यांनी अर्ज फेटाळल्याचा मेसेज आला. कारण दिलं होतं, सेवाकाळ एकमेकांवर येतो.

View खाली Service History उघडलं तेव्हा घोळ कळला. जुन्या कंपनीने माझी सोडल्याची तारीख ३१ मार्च टाकली होती. पगार महिन्याच्या हिशोबाने निघतो, म्हणून तिथल्या माणसाने सवयीने महिनाअखेर लिहून टाकली असणार. कागदावर मी १५ ते ३१ मार्च, म्हणजे सतरा दिवस, दोन कंपन्यांत नोकरी करत होतो!

गंमत अशी, की त्यांनी तारीख भरलीच नसती तर माझं काम सोपं झालं असतं. शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिने उलटले, की Manage मधल्या Mark Exit मधून आधार ओटीपी देऊन सोडल्याची तारीख आपणच टाकू शकतो. पण एकदा भरलेली तारीख तेव्हा आपल्याला परस्पर बदलता येत नव्हती. त्यासाठी जॉइंट डिक्लेरेशन लागायचं, म्हणजे मालक आणि कर्मचारी दोघांच्या संमतीचा दुरुस्ती अर्ज. सोबत रिलीव्हिंग लेटर आणि शेवटची पगाराची स्लिप जोडली. ओळखीची एचआर ताई तोवर तिथून निघून गेली होती, त्यामुळे जुन्या कंपनीत कुणाला फोन करावा हे शोधण्यातच जास्त वेळ गेला. ऑगस्टमध्ये तारीख सुधारली, पुन्हा अर्ज केला आणि या वेळी रक्कम नव्या खात्यात आली.

आली खरी, पण पेन्शनच्या रकान्यात शून्य. छातीत धस्स झालं. मग समजलं, की मालकाच्या बारा टक्क्यांतले ८.३३ टक्के पेन्शन योजनेत जातात (१५ हजार पगाराच्या मर्यादेत, म्हणजे जास्तीत जास्त १,२५० रुपये महिना). हे पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जात नाहीत, नोकरीची वर्षं तेवढी मोजली जातात. ती जोडली गेली की नाही हे अ‍ॅनेक्शर के या कागदावर दिसतं. तो उतरवून ठेवा. दहा वर्षं भरली की मासिक पेन्शनचा हक्क मिळतो, त्यामुळे जुन्या नोकरीतली चार वर्षं हरवणं परवडत नाही.

आरोग्य विम्याचं मात्र मी नोकरी सोडण्याआधीच विचारलं होतं, कारण आई. तिला मधुमेह आहे, आणि जुन्या कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत ती पहिल्या दिवसापासून धरली होती. नव्या पॉलिसीत आईवडिलांना जागाच नव्हती. शिवाय जुनी पॉलिसी माझ्या शेवटच्या दिवशी रात्री संपणार होती, नोटीस पिरियडनंतर एक दिवसही वाढीव नाही.

ग्रुप पॉलिसीतून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं. पण हे नोकरीत असतानाच मागितलेलं बरं, नंतर आठवलं तर हाती काही राहीलच असं नाही. मी तीन आठवडे आधी अर्ज दिला. त्यांनी आईच्या तपासण्या करून घेतल्या आणि प्रीमियम ऐकून मी जरा गप्प झालो. विमा कंपनीला तब्येत बघून नकार देण्याचाही अधिकार असतो, हेही तेव्हाच कळलं. माझा अर्ज मंजूर झाला. जुन्या पॉलिसीतली चार वर्षं प्रतीक्षा काळात धरली गेली, त्यामुळे मधुमेहासाठी पुन्हा थांबायची वेळ आली नाही.

फक्त एक बारकावा. जुनं कव्हर तीन लाखांचं होतं, मी पाच लाखांचं घेतलं. ही सवलत जुन्या तीन लाखांपुरतीच मिळते. वरच्या दोन लाखांचा प्रतीक्षा काळ नव्याने सुरू झाला. आईला मी तो आकडा सांगितलेला नाही, पॉलिसीच्या पहिल्या पानावर पेन्सिलीने लिहून ठेवला आहे.