पाचव्या बारमधली एक नोट

मुलगी नौपाड्यातल्या एका क्लासला व्हायोलिन शिकते. क्लासच्या पुस्तिकेत जी मेजरमधला मिन्युएट आहे, तोच, जो वर्षानुवर्षं बाखच्या नावावर खपला आणि मुळात क्रिस्टियान पेट्झोल्डचा निघाला. पाचव्या बारची पहिली नोट ती वाजवायची आणि मला दर वेळी खटकायचं. शेवटी कागद बघितला. सी तिसऱ्या घरात हवा, तिथे नोट मधल्या रेघेवर बसली होती, म्हणजे बी. चूक छपाईचीच, कारण हाच बार पुढे तेरावा म्हणून पुन्हा येतो आणि तिथे सी बरोबर आहे. शिवाय सहावा बार म्हणजे पाचव्याचीच चाल एक पायरी खाली. ती बीपासून सुरू होते, म्हणजे पाचवा सीपासूनच हवा.

सरांना दाखवलं तर म्हणाले, "तुम्ही कॉम्प्युटरवर दुरुस्त करून द्याल का? नव्या बॅचसाठी झेरॉक्स काढायच्याच आहेत." मी हो म्हणून बसले. एक नोट तर हलवायची!

पान ६०० डीपीआयला ग्रेस्केलमध्ये स्कॅन केलं आणि GIMP मध्ये उघडलं. एका रेघेपासून पुढच्या रेघेपर्यंत ४२ पिक्सेल भरले. म्हणजे नोट फक्त २१ पिक्सेल वर न्यायची.

पहिल्या प्रयत्नात मी खोडरबराने नोट दांडीसकट पुसली. तिच्याबरोबर स्टाफच्या पाचही रेघा गेल्या. मग पेन्सिल टूल घेऊन, Shift दाबून पाच सरळ रेघा मारल्या. स्क्रीनवर ठीक वाटलं, पण प्रिंट काढल्यावर तेवढाच तुकडा ठिगळासारखा दिसायला लागला. मोठं करून पाहिल्यावर कारण कळलं. स्कॅन केलेली रेघ एकसारखी काळी नसते; मध्ये काळी आणि दोन्ही कडांना करडी असते. माझ्या रेघा काळ्याकुट्ट आणि ब्लेडने कापल्यासारख्या. त्यात पान स्कॅनरवर जेमतेम अर्धा अंश तिरकं बसलं होतं, म्हणून एका टोकाला जुळवलेली रेघ दुसऱ्या टोकाला किंचित चुकायची.

मग रेघा काढायचा नाद सोडला आणि त्याच पानावरून उसन्या घेतल्या. त्या ओळीच्या शेवटी स्टाफचा एक रिकामा तुकडा होता. तो पाचही रेघांसकट कॉपी करून पुसलेल्या जागी आणला, तर रेघा सात-आठ पिक्सेलनी वरखाली. तिरकेपणा इतक्या अंतरात तेवढा साचतो. तुकडा बाणाच्या कीने खाली सरकवून जुळवता आला असता, पण त्याच बारमध्ये पहिल्या नोटनंतर थोडी मोकळी जागा होती. तिथला ३० पिक्सेल रुंद तुकडा घेऊन तीनदा शेजारी शेजारी लावला. प्रत्येक वेळी जेमतेम एक पिक्सेल हलवावा लागला. सांधा शोधूनही सापडेना.

आता नोट. जुनी नोट चौकोनी सिलेक्शनने आधीच कॉपी करून ठेवली होती. ती २१ पिक्सेल वर ठेवली, तर तिच्या आजूबाजूच्या रेघांचे तुकडेही वर आले आणि घरांच्या मधोमध आडव्या काड्या दिसू लागल्या. त्या एकेक पुसत बसण्यापेक्षा तेराव्या बारमधला सीच उचलला. तो मुळातच योग्य उंचीवर असल्यामुळे त्याच्या रेघा इथल्या रेघांवरच पडतात. पेस्ट केल्यावर त्याचा वेगळा लेअर केला आणि लेअरचा मोड Darken only ठेवला. त्या मोडमध्ये दोन लेअरमधला जास्त गडद पिक्सेल दिसतो, त्यामुळे पांढरा चौकोन आपोआप नाहीसा होतो. रेघा जाड दिसल्या की समजायचं, तुकडा वर किंवा खाली आहे. बाणाच्या कीने सरकवत त्या पुन्हा बारीक झाल्या, तिथे थांबले. दांडी बदलावी लागली नाही. नोट मधल्या रेघेवर किंवा तिच्या वर असली की दांडी खालीच जाते.

फाइल PNG मध्ये ठेवली, कारण JPEG मध्ये रेघांच्या कडेला करड्या ठिपक्यांची धूळ साचते. प्रिंट शंभर टक्के आकारात काढली, स्टँडवर लावली. लेकीने वाजवलं आणि पाचव्या बारला परत बीच!

"अगं, नोट बघ ना."

"आई, वर एक लिहिलंय."

नोटच्या डोक्यावरचा बोटाचा आकडा मी बघितलाच नव्हता. ए तारेवर बी पहिल्या बोटाने वाजतो आणि सी दुसऱ्या. तेराव्या बारवरचा २ कॉपी करून १ च्या जागी बसवला. तिथे रेघा नव्हत्या, अर्ध्या मिनिटात झालं.