रिकाम्या बीमचा हिशोब

"मॅडम, पूर्ण लोडचा चेक पास झाला की बीम पास. मग ट्रान्सफरचा वेगळा चेक कशाला? तेव्हा तर बीमवर काहीच नसतं."

काहीच नसतं, तीच अडचण आहे. साधा आरसीसी बीम भार नसताना निवांत पडलेला असतो. प्रीस्ट्रेस्ड बीममध्ये आपण आधीच उलट्या दिशेचा जोर भरून ठेवलेला असतो आणि त्या जोराला उत्तर देणारा भार अजून आलेला नसतो. त्यात ताणलेल्या पोलादी तारांचे जुडगे, म्हणजे स्ट्रँड, कापून त्यांचा जोर काँक्रीटवर सोडतात तो ट्रान्सफर, आणि त्या दिवशी तो जोर आयुष्यातला सगळ्यात मोठा असतो आणि काँक्रीट सगळ्यात कच्चं. पुढे वर्षं जातील तसा जोर घटत जातो, काँक्रीट पिकत जातं आणि भार येतो. म्हणून एकाच बीमचे दोन हिशोब करावे लागतात, आणि त्या दोन्हींमध्ये पूल बांधतात ते लॉसेस, म्हणजे जोरात होत जाणारी घट.

आकड्यांत सांगते, म्हणजे वाद राहणार नाही. प्रीटेन्शन्ड, म्हणजे काँक्रीट ओतण्याआधीच स्ट्रँड ताणलेला बीम घ्या. १० मीटर स्पॅन, ३०० रुंद, ६०० मिमी खोल, काँक्रीट एम-४५. १२.७ मिमीचे सहा स्ट्रँड, सगळे सरळ. चार तळापासून ८० मिमीवर आणि दोन २६० मिमीवर. सगळ्यांची मिळून एक्सेंट्रिसिटी, म्हणजे बीमच्या मध्यरेषेपासूनचं अंतर, १६० मिमी येते. क्षेत्रफळ १,८०,००० चौ. मिमी, सेक्शन मॉड्युलस १८० लाख घन मिमी, स्वतःचं वजन मीटरला ४.५ किलोन्यूटन. प्रत्येक स्ट्रँड त्याच्या तुटण्याच्या ताकदीच्या पाऊणपट, म्हणजे १३८ किलोन्यूटनपर्यंत ओढला, तर जॅकवर एकूण ८२८ किलोन्यूटन. त्याच काँक्रीटचा चाचणीचा ठोकळा, म्हणजे क्यूब, ३० एमपीए दाखवू लागली की स्ट्रँड सोडायचे, असं ठरलंय.

स्ट्रँड सोडले की काँक्रीट दबून आखूड होतं आणि त्याला घट्ट चिकटलेला स्ट्रँडही तेवढाच आखूड होतो. इथे हा पहिला लॉस साधारण ४७ एमपीएचा, म्हणजे ८२८ चे ८०० किलोन्यूटन उरतात. आता सूत्र एकच:

```
P/A ± P·e/Z ∓ M/Z
```

P म्हणजे जोर, A क्षेत्रफळ, e एक्सेंट्रिसिटी, Z सेक्शन मॉड्युलस, M मोमेंट. बीमच्या खालच्या कडेला, म्हणजे खालच्या फायबरला, वरची चिन्हं, वरच्या फायबरला खालची, आणि दाब म्हणजे अधिक. मिडस्पॅनला स्वतःच्या वजनाचा मोमेंट ५६ किलोन्यूटन-मीटर. तो धरून खाली ८.४ एमपीए दाब येतो आणि वरही जेमतेम अर्धा एमपीए दाबच राहतो. झकास. बहुतेक जण इथेच थांबतात, कारण मोमेंटचा आलेख मिडस्पॅनला उंच असतो आणि नजर तिकडेच जाते.

आता सपोर्टकडे या. स्ट्रँड सरळ आहेत, म्हणजे जोर आणि एक्सेंट्रिसिटी तीच. पण स्वतःच्या वजनाचा मोमेंट तिथे शून्य. ते तीन एमपीए, जे मिडस्पॅनला वरच्या कडेला सावरून धरत होते, ते इथे नाहीत. खाली ११.६ एमपीए दाब, तो चालेल, कारण ३० च्या निम्मे म्हणजे १५ ही मर्यादा. वर मात्र २.६७ एमपीए ताण. आम्ही ऑफिसात अजून पुलांच्या जुन्या आयआरसी-१८ ची सवय ठेवली आहे: तात्पुरता ताण तात्पुरत्या दाबमर्यादेच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त नको. म्हणजे इथे १.५. बीम नापास, आणि तोही अंगावर एक पाटीही माल न पडता.

इथे कोणीतरी हुशार विद्यार्थी हात वर करतो: बरोबर टोकाला तर स्ट्रँडमध्ये जोर शून्यच असतो ना? खरं आहे. कापलेल्या टोकाला तो शून्य असतो आणि काँक्रीटशी पकड घेत घेत पूर्ण भरायला साधारण ३० व्यास, म्हणजे ३८ सेंटीमीटर लागतात. म्हणून खरी वाईट जागा टोकापासून सुमारे ४० सेंटीमीटर आत असते. तिथे वजनाचा थोडा मोमेंट मदतीला येतो आणि २.६७ चे २.२ होतात. तरीही नापासच.

उपाय यार्डातल्या मुकादमाला आपल्याहून चांगला माहीत असतो: प्लास्टिकची नळी. खालच्या ओळीतल्या चारपैकी दोन स्ट्रँडवर दोन्ही टोकांना ती चढवायची, म्हणजे तेवढ्या लांबीत काँक्रीट त्यांना चिकटत नाही आणि जोर तिथे उतरत नाही. टोकाला मग चारच स्ट्रँड काम करतात, ५३३ किलोन्यूटन, एक्सेंट्रिसिटीही १३० वर येते आणि वरचा ताण ०.९ च्या आत जातो. नळी किती लांब? जिथे वजनाचा मोमेंट २१ किलोन्यूटन-मीटर होतो तिथून पुढे सहाही स्ट्रँड परवडतात. ते अंतर १.०४ मीटर येतं, आम्ही १.१ घेतो. नळीची तोंडं टेपने नीट बंद झालीत का ते मात्र स्वतः वाकून बघायचं. आत स्लरी शिरली की स्ट्रँड तिथेच चिकटतो आणि नळी फक्त ड्रॉइंगवर उरते.

आता लॉसेस. यांचा कंटाळा करून "धरा पंधरा टक्के" म्हणणारे मला भेटतात तेव्हा मी त्यांना लांबीत विचार करायला सांगते. आपला स्ट्रँड १० मीटरमागे सुमारे ७२ मिलिमीटर ताणलेला आहे. सुरुवातीचं दबणं, मग वाळताना आकसणं म्हणजे श्रिंकेज, आणि सततच्या दाबाखाली हळूहळू बसत जाणं म्हणजे क्रीप, हे सगळं मिळून स्ट्रँडच्या पातळीवरचं काँक्रीट १० मीटरमागे साधारण १० मिमी आखूड होतं. ७२ तून १० गेले, ६२ उरले. एकोणिसाव्या शतकात काही जणांनी साध्या सळया ताणून हेच करून पाहिलं होतं. साध्या सळईला १२० एमपीएपर्यंत ताणलं तर ती १० मीटरमागे ६ मिमीच लांबते, आणि ते सहाच्या सहा काँक्रीट गिळून टाकतं. फ्रेंच इंजिनियर युजेन फ्रेसिने यांनी आपल्या ल व्हर्द्रच्या कमानी पूल बांधल्यानंतर महिनोन्‌महिने खचत गेलेल्या पाहिल्या, जॅक लावून त्या पुन्हा उचलल्या आणि क्रीप नावाची गोष्ट गांभीर्याने घेतली. १९२८ च्या त्यांच्या पेटंटमध्ये खूप ताणता येणाऱ्या पोलादाचा आग्रह आहे, तो याच वजाबाकीसाठी.

आपल्या बीमला परत. ट्रान्सफरनंतर स्ट्रँडमध्ये १३५० एमपीए आहेत. श्रिंकेज ०.०००३ धरलं तर ५८ जातात. क्रीप सात दिवसांच्या काँक्रीटसाठी २.२ गुणांकाने सुमारे १००. स्ट्रँड स्वतः सैल पडतो ते रिलॅक्सेशन, लो-रिलॅक्सेशन स्ट्रँडसाठी दीर्घकाळात ४० च्या आसपास. म्हणजे आणखी २०० एमपीए गेले आणि शेवटी ६८० किलोन्यूटन उरले. जॅकच्या आकड्यापासून मोजलं तर १८ टक्के.

या ६८० वर आता पूर्ण भार ठेवा. स्वतःचं वजन धरून मीटरला १४ किलोन्यूटन, मिडस्पॅनला मोमेंट १७५. वर ७.५ एमपीए दाब, एम-४५ ला काहीच नाही. खाली प्रीस्ट्रेसने दिलेले ९.८ एमपीए आणि भाराने खाल्लेले ९.७. उरला ०.१ एमपीए दाब. प्रीस्ट्रेस्ड काँक्रीटच्या आयएस १३४३ या मानकातल्या टाइप १ ला ताण अजिबात चालत नाही. तेव्हा पास.

या ०.१ वर खूश होणारी मंडळी मला धास्ती घालतात. या सेक्शनमध्ये जॅकच्या जोराचा एक टक्का म्हणजे तळाला ०.१२ एमपीए. म्हणजे आपली सगळी शिल्लक एका टक्क्याहून कमी लॉसची आहे, आणि क्रीपचा गुणांक एवढ्या अचूकतेने सांगणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. लॉस १८ ऐवजी २५ टक्के निघाला तर तळाला पाऊण एमपीए ताण येतो. त्याने बीमला तडा जाणार नाही, कारण या काँक्रीटला वाकताना तडा जायला साडेचार एमपीएच्या वर ताण लागतो. पण टाइप १ म्हणून दिलेला शब्द मोडतो. हाच बीम टाइप २ मध्ये बसवला असता, जिथे ३ एमपीएपर्यंत ताण चालतो, तर हीच सात टक्क्यांची चूक कोणाच्या लक्षातही आली नसती. म्हणून मी लॉस एका आकड्याने धरत नाही. सर्व्हिसच्या चेकला जरा जास्त धरते, ट्रान्सफरच्या चेकला जरा कमी. दोन्हीकडे वाईट बाजू वेगळी आहे. आणि सर्व्हिसला दोन स्ट्रँड वाढवून टाकू असं सुचवणाऱ्यांना सांगते, वाढवा, पण आधी ट्रान्सफरची टोकं पुन्हा तपासा.

एका यार्डात हे सगळं डोळ्यांसमोर घडलेलं आहे. नाव सांगत नाही. नळ्या नव्हत्या, कारण "छोटा बीम आहे". क्यूब गरम पाण्याच्या टाकीत सुखात वाढलेल्या, बीम मात्र थंडीच्या रात्री उघड्यावर. क्यूबने तीस दाखवले, बीमचं काँक्रीट तितकं नव्हतं. त्यात गॅस कटरने एकाच टोकाचे स्ट्रँड धडाधड कापले. मी पोचले तेव्हा बीमची वरची बाजू कोरडी आणि स्वच्छ दिसत होती. बादलीभर पाणी ओतायला सांगितलं. दहा मिनिटांत पृष्ठभाग सुकला, आणि टोकापासून हात-दीड हात आत तीन काळ्या ओल्या आडव्या रेघा उमटल्या, केसाएवढ्या. तड्यात पाणी थांबतं, बाकीचं उडून जातं.

मग स्टीलची पट्टी काढून टोकाला स्ट्रँड किती आत ओढले गेलेत ते मोजलं. कापण्याआधी कोणीतरी प्रत्येक स्ट्रँडवर बीमच्या तोंडापासून ठरावीक अंतरावर रंगाची खूण केली होती, हे त्या यार्डाचं पुण्य. ३८ सेंटीमीटरमध्ये जोर भरत असेल तर आत ओढणं सव्वा मिलिमीटरच्या आसपास यायला हवं. कापलेल्या बाजूला आमच्या पट्टीवर तीन येत होते. म्हणजे पकड बसायला दुपटीहून जास्त, जवळपास ९० सेंटीमीटर लांबी लागत होती. दुसऱ्या टोकाला दीड.

त्या दिवसापासून ट्रान्सफरसाठी फोन आला की मी "क्यूब किती?" असं विचारत नाही. "क्यूब रात्री कुठे होत्या?" असं विचारते.